भाड्याचा चेक परत आला: भाडेकरूला नोटीस कशी द्यायची, पैसे खात्यावर कसे मागायचे

परत आलेल्या भाड्याच्या चेकची नोटीस लिहिताना घरमालक सहसा तीन जागी चुकतात. नोटीस चुकीच्या माणसाच्या नावाने जाते, तिच्यात चेकपेक्षा वेगळी रक्कम मागितलेली असते, किंवा ती उशिरा जाते. भाषा कडक आहे की मवाळ, याने फारसा फरक पडत नाही. या तीन गोष्टी चुकल्या तर मात्र निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्टच्या चेक न वटणं गुन्हा ठरवणाऱ्या कलम १३८ खाली त्या नोटिशीला काही अर्थ उरत नाही.

खालचे सगळे टप्पे एकाच प्रकरणावर समजावून सांगतो. कोथरूडमधल्या एका निवृत्त शिक्षकांचा फ्लॅट आहे, भाडे महिना २४,५०० रुपये. लिव्ह अँड लायसन्सचा करार हिंजवडीत नोकरी करणाऱ्या मुलाच्या नावावर आहे, पण भाड्याचे पुढच्या तारखांचे चेक त्याच्या वडिलांनी लातूरच्या खात्यावरून सही करून दिले होते. ५ जूनचा चेक ९ जूनला परत आला. सरांनी मुलाला व्हॉट्सअ‍ॅप केला, उत्तर आलं, "काका, आठ दिवस द्या." १५ जूनला सरांनी स्वतःच नोटीस लिहिली, मुलाच्या नावाने, आणि मागणी केली २८,२९० रुपयांची. भाडे, बँकेने कापलेले ५९० आणि थकलेले वीजबिल ३,२०० असा तो हिशोब होता. १४ जुलैला ते कागद घेऊन माझ्याकडे आले. तोवर वरच्या तिन्ही चुका होऊन गेल्या होत्या.

टप्पा १: चेक परत आला त्या दिवशी काय करायचं

बँकेकडून मूळ चेक आणि त्यासोबतची छापील चिठ्ठी, म्हणजे रिटर्न मेमो, दोन्ही ताब्यात घ्या. मोबाइलवर आलेला मेसेज पुरेसा नाही. मेमोवर बँकेचा शिक्का, तारीख आणि परतीचं कारण स्पष्ट दिसतंय ना, ते काउंटरवरच बघा. पुढे कोर्टात चेक वटला नाही याचा प्राथमिक पुरावा म्हणून हाच मेमो चालतो.

मग कारण वाचा. "फंड्स इन्सफिशियंट", "एक्सीड्स अरेंजमेंट", "अकाउंट क्लोज्ड" किंवा "पेमेंट स्टॉप्ड बाय ड्रॉवर" असेल तर सरळ नोटिशीच्या कामाला लागा. सही जुळत नाही असं कारण असलं तरी सर्वोच्च न्यायालयाने ते कलम १३८ मध्ये बसू शकतं असं म्हटलेलं आहे. पण अक्षरी आणि अंकी रक्कम वेगळी, तारखेत खाडाखोड किंवा चेक शिळा झालेला, ही कारणं असतील तर आधी भाडेकरूकडून दुरुस्त चेक किंवा थेट पैसे मागा. तिथे १३८ ची नोटीस बहुतेक वेळा लागू पडत नाही.

मेमो तुमच्या हातात कधी आला ती तारीख लगेच डायरीत लिहा. नोटीस पाठवायचे ३० दिवस बँकेने चेक परत आल्याचं तुम्हाला कळवलं तिथून मोजायचे असतात, चेकवरच्या तारखेपासून नाही.

*तपासून घ्या: मूळ चेक कुणालाही देऊ नका. "चेक द्या, मी रोख आणून देतो" असं म्हणणाऱ्याला तर नाहीच.*

टप्पा २: नोटीस कुणाच्या नावाने

नोटीस जाते चेकवर सही करणाऱ्याला, करारावर सही करणाऱ्याला नाही. बहुतेक वेळा ती एकच व्यक्ती असते, म्हणून हा फरक कुणाच्या लक्षात येत नाही. सरांच्या प्रकरणात खाते वडिलांचं, सही वडिलांची. तेव्हा १३८ ची जबाबदारीही वडिलांचीच. मुलाला पाठवलेली नोटीस त्याला भाड्याची आठवण करून देईल, पण वडिलांविरुद्ध तक्रार करायला ती उपयोगाची नाही. दुसऱ्याचं देणं फेडायला दिलेला चेकही या कलमात येतो. त्यामुळे "मी तर फक्त मुलाला मदत केली" हा बचाव वडिलांना पुरत नाही.

संयुक्त खातं असेल तर ज्याची सही चेकवर आहे त्यालाच नोटीस जाते, नुसता नावाला असलेला दुसरा खातेदार त्यात ओढला जात नाही. कंपनीने कर्मचाऱ्यासाठी घर घेतलं असेल आणि चेक कंपनीचा असेल तर नोटीस कंपनीच्या नावाने आधी, आणि सही करणाऱ्या संचालकालाही द्या.

देणाऱ्याची बाजूही तपासा. चेक ज्याच्या नावाने लिहिला होता त्यानेच नोटीस द्यायची. फ्लॅट नवरा-बायको दोघांच्या नावावर असला आणि चेक बायकोच्या नावाने असला तर सही तिची हवी. वकील लागतोच असं नाही, कायदा फक्त लेखी मागणी सांगतो.

टप्पा ३: रक्कम एकच, चेकवरची

सगळ्यात जास्त नोटिसा इथे फसतात. कायद्याला हवी असते "सदर रकमेची" मागणी, म्हणजे चेकवर लिहिलेल्या रकमेची. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कावेरी प्लास्टिक्स प्रकरणात हेच पुन्हा स्पष्ट केलं. चेक होता एक कोटीचा, नोटिशीत मागितले गेले दोन कोटी. टायपिंगची चूक झाली असं सांगून पाहिलं, पण नोटीस अवैध ठरली. चूक कोटीची असो की पाचशे नव्वद रुपयांची, नियम तोच.

बँकेने कापलेले पैसे, करारातलं विलंबशुल्क, वीजबिल, सोसायटीचा मेंटेनन्स, हे सगळं तुमचं येणं असू शकतं. नोटिशीत चेकच्या रकमेपासून अगदी वेगळं काढून लिहिलं तर कोर्टांनी चालवून घेतलेलंही आहे. तरी माझा सल्ला असा की त्यासाठी वेगळं पत्र लिहा, दुसऱ्या दिवशी पाठवा, आणि १३८ च्या नोटिशीत एकच आकडा ठेवा. दोन महिन्यांचे दोन चेक परत आले असतील तर दोन नोटिसा द्या. जास्तीचं पोस्टेज फार पडत नाही, आणि पुढे आकड्यांची भांडणं वाचतात.

एक सावधगिरी. चेक भरण्याआधीच भाडेकरूने त्यातले काही पैसे दिले असतील तर पूर्ण रकमेचा तो चेक भरूच नका. चेकवर तशी नोंद न करता तो भरला आणि परत आला, तर पूर्ण रकमेची मागणी टिकत नाही. उरलेल्या रकमेचा नवा चेक घ्या, नाहीतर तेवढे पैसे थेट खात्यावर मागा.

टप्पा ४: खात्यावर पैसे मागायचे, पण कसे

चेक परत आल्यावर त्याच्या बदली दुसरा चेक स्वीकारू नका. दुसरा चेक घेतला की जुन्याचे दिवस सरत राहतात आणि नव्याचा भरवसा नसतो. रोख पैशांचा पुढे वाद होतो. बँक ट्रान्सफरला तारीख, वेळ आणि यूटीआर, म्हणजे बँकेचा व्यवहार क्रमांक असतो, तेव्हा कुणी किती कधी दिलं यावर भांडण राहत नाही.

खाते द्यायचं ते चेक ज्याच्या नावाने होता त्याचंच. "मुलाच्या खात्यावर टाका" असं लिहू नका. खातेदाराचं नाव, खाते क्रमांक, शाखा आणि आयएफएससी पासबुकात बघून उतरवा. क्रमांक उतरवल्यावर दुसऱ्या कुणाला तरी तो मोठ्याने वाचून दाखवायला सांगा. आयएफएससीतलं पाचवं अक्षर नेहमी शून्य असतं, इंग्रजी ओ नव्हे. ही चूक मी वर्षातून एकदा तरी पाहतोच.

आता खरी मेख. भाडं दर महिन्याला तेवढंच असतं. जुलैच्या पाच तारखेला तुमच्या खात्यावर २४,५०० आले. हे जूनच्या परत आलेल्या चेकचे, की जुलैच्या भाड्याचे? भाडेकरू पुढे म्हणणार, चेकचे पैसे तर मी दिले. करार कायद्याच्या कलम ५९ प्रमाणे पैसे देणाऱ्याने ते कशासाठी हे सांगितलं असेल तर तसंच धरावं लागतं. त्याने काही सांगितलं नसेल तर कलम ६० तुम्हाला ठरवायची मुभा देतं. म्हणून नोटिशीतच लिहा, की ट्रान्सफरच्या शेरा रकान्यात "चेक क्र. अमुक, जून भाडे" असं लिहावं आणि यूटीआर कळवावा. पैसे कोऱ्या शेऱ्याने आले तर त्याच दिवशी, कुठल्या महिन्याच्या खाती जमा धरले ते लेखी कळवा. व्हॉट्सअ‍ॅप चालेल, पण त्याच दिवशी.

*तपासून घ्या: भाडेकरू म्हणेल, "डिपॉझिटमधून कापून घ्या." करारात तसं नसेल तर हो म्हणू नका, आणि म्हणायचं असेल तर १३८ चा नाद सोडून म्हणा. डिपॉझिटमधून भाडं वळतं करायला तुम्ही लेखी होकार दिलात, की येणंच उरत नाही.*

टप्पा ५: मसुदा

मराठीत लिहिलं तरी चालतं. सरांसाठी जी नोटीस केली ती अशी होती, रिकाम्या जागी तुमचा तपशील भरा.

> प्रति,
> श्री. ............ (चेकवर सही करणारे), पूर्ण पत्ता, पिनकोड
>
> विषय: भाड्यापोटी दिलेला चेक न वटल्याबाबत, निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्ट, १८८१ कलम १३८ अन्वये मागणी नोटीस
>
> महोदय,
>
> १. माझ्या मालकीची सदनिका क्र. ......, पत्ता ......, ही दि. ...... च्या नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स कराराने श्री. ...... यांना दिलेली आहे. मासिक भाडे रु. २४,५००/- आहे.
>
> २. जून महिन्याच्या भाड्यापोटी आपण आपल्या ...... बँक, शाखा ...... येथील खात्यावरील चेक क्र. ......, दि. ......, रक्कम रु. २४,५००/- (अक्षरी रुपये चोवीस हजार पाचशे फक्त) आपल्या सहीने माझ्या नावे दिला होता.
>
> ३. सदर चेक मी माझ्या ...... बँक, शाखा ...... येथील खात्यात भरला असता तो "फंड्स इन्सफिशियंट" या कारणाने न वटता परत आला. त्याबाबतचा दि. ...... चा रिटर्न मेमो मला दि. ...... रोजी मिळाला.
>
> ४. तरी ही नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांच्या आत सदर चेकची रक्कम रु. २४,५००/- खालील खात्यावर एकरकमी बँक ट्रान्सफरने भरावी. खातेदार: ......, खाते क्र. ......, बँक व शाखा: ......, आयएफएससी: ......
>
> ५. ट्रान्सफर करताना शेऱ्यात चेक क्रमांक लिहावा व यूटीआर क्रमांक मला कळवावा.
>
> ६. मुदतीत रक्कम न मिळाल्यास आपल्याविरुद्ध कलम १३८ खाली सक्षम न्यायालयात तक्रार दाखल करावी लागेल. त्याच्या खर्चाची व परिणामांची जबाबदारी आपली राहील.
>
> आपला/आपली, सही, नाव, पत्ता, तारीख

मसुद्याच्या मुद्दा ४ मधले "१५ दिवस" कमी करू नका. "तीन दिवसांत भरा" असं लिहिलंत तरी कायद्याने त्याला पंधरा मिळतातच, आणि तुमची घाई कागदावर वाईट दिसते. लवकर पैसे हवेत तर नोटीस लवकर पाठवा.

पोलिसांत देऊ, घराला कुलूप लावू, वीज तोडू, यातलं काहीही लिहू नका. चेकचं प्रकरण मॅजिस्ट्रेटपुढे खासगी तक्रारीने चालतं, पोलीस त्यात गुन्हा नोंदवून घेत नाहीत. आणि वीज-पाणी तोडलंत तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २९ खाली तुम्हीच अडकाल. घर रिकामं करून घ्यायचं असेल तर त्याचं पत्र वेगळं. पागडीचा किंवा जुना संरक्षित भाडेकरू असेल तर थकीत भाड्यावरून दावा करायला वेगळी लेखी मागणी आणि ९० दिवस लागतात. ते सगळं या कागदात कोंबू नका.

टप्पा ६: पाठवणे

रजिस्टर्ड पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टमध्ये विलीन झालं आहे. तेव्हा काउंटरवर स्पीड पोस्ट नोंदणीसह आणि पोचीच्या पुराव्यासह मागा. लिफाफ्यावर नाव, पत्ता, पिनकोड नोटिशीतल्यासारखाच हवा. वडिलांना लातूरच्या पत्त्यावर मूळ, मुलाला फ्लॅटच्या पत्त्यावर एक प्रत, आणि दोघांना व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ, असं आम्ही पाठवलं. व्हॉट्सअ‍ॅप हे जोडीला, पोस्टाच्या ऐवजी नव्हे.

सही केलेली एक स्थळप्रत ठेवा, तिच्यावर पोस्टाची पावती चिकटवा. दोन-चार दिवसांनी ट्रॅकिंगचं पान छापून घ्या. ती माहिती पोस्टाच्या साइटवर कायम राहत नाही.

लिफाफा "घेण्यास नकार" किंवा "दार बंद, न उचललेला" असा शेरा होऊन परत आला तर तो फोडू नका, तसाच बंद ठेवा. पत्ता बरोबर असेल तर नोटीस पोचली असंच गृहीत धरलं जातं. "या पत्त्यावर राहत नाही" असा शेरा आला तर मात्र मुदत शिल्लक असेपर्यंत कराराखालचा दुसरा पत्ता, आधारवरचा पत्ता, जिथे मिळेल तिथे पुन्हा पाठवा.

टप्पा ७: दिवस मोजणे

सरांच्या पहिल्या मेमोची तारीख ९ जून. तो दिवस धरायचा नाही, म्हणून तिसावा दिवस ९ जुलै. नोटिशीच्या ३० दिवसांना कोर्ट मुदतवाढ देत नाही. "आठ दिवस द्या काका" याची किंमत ती हीच. १४ जुलैला ते आले तेव्हा पहिली मुदत संपलेली होती.

पण चेक ५ जूनचा, म्हणजे त्याची तीन महिन्यांची मुदत शिल्लक होती. २०१२ मध्ये एमएसआर लेदर्स प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की मुदतीत असलेला चेक पुन्हा भरता येतो, आणि पुन्हा परत आला तर नवी नोटीस देता येते. आम्ही चेक पुन्हा भरला. २० जुलैला तो पुन्हा परत आला, नवा मेमो मिळाला.

आता तिसावा दिवस १९ ऑगस्ट. आम्ही २२ जुलैलाच नोटीस टाकली. लातूरला ती २५ जुलैला पोचली. त्या दिवसाला सोडून पंधरावा दिवस ९ ऑगस्ट. तोपर्यंत पैसे न आल्यास तक्रारीचं कारण १० ऑगस्टला घडतं, आणि तिथून एक महिना मिळतो. मी सरांना ९ सप्टेंबर ही शेवटची तारीख लिहून दिली. एक-दोन दिवसांचा वाद कोर्टात घालण्यापेक्षा ते बरं. तक्रारीला झालेला उशीर पुरेशा कारणाने माफ होऊ शकतो, नोटिशीला झालेला नाही.

*तपासून घ्या: तीन तारखा एका कागदावर लिहा. मेमो मिळाल्याची, नोटीस पोचल्याची आणि पंधरावा दिवस. चौथी तारीख, म्हणजे तक्रारीची, त्यातूनच निघते.*

टप्पा ८: पैसे आले, अर्धे आले, की आलेच नाहीत

पूर्ण रक्कम १५ दिवसांत आली तर प्रकरण संपलं. पावती द्या, मूळ चेक परत करा आणि चेक परत मिळाल्याची सही घ्या.

अर्धे आले तर काय, हा प्रश्न सरांना पडलाच. ६ ऑगस्टला दहा हजार आले. शेऱ्यात काहीच नव्हतं. त्याच संध्याकाळी सरांनी वडिलांना मेसेज केला: "आज आलेले १०,००० रुपये चेक क्र. ...... च्या रकमेपोटी जमा धरले आहेत. उरलेले १४,५०० रुपये ९ ऑगस्टपर्यंत याच खात्यावर यावेत." मुदत वाढवून देतो, असा शब्द त्यात नाही. अर्धे पैसे घेतल्याने तुमचा हक्क जात नाही, पण तक्रार करायची वेळ आली तर मिळालेले पैसे तिच्यात लिहावे लागतात.

काहीच आलं नाही तर मूळ चेक, मेमो, नोटिशीची स्थळप्रत, पोस्टाची पावती, ट्रॅकिंगची छपाई, करार आणि बँक स्टेटमेंट घेऊन वकिलाकडे जा. चेक तुमच्या खात्यात भरला होता म्हणून कोर्ट तुमच्या बँक शाखेच्या हद्दीतलं. म्हणजे सरांना लातूरला खेपा घालाव्या लागल्या नसत्या. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कोर्ट प्रकरण चालू असताना २० टक्क्यांपर्यंत अंतरिम भरपाईही देववू शकतं, आणि कुठल्याही टप्प्यावर तडजोड करता येते.

सरांवर ती वेळ आली नाही. ९ ऑगस्टच्या दुपारी १४,५०० रुपये आले, यावेळी शेऱ्यात चेक क्रमांकासह. वीजबिलाच्या ३,२०० चं वेगळं पत्र मुलाकडे गेलेलं होतं. ते पैसे त्याने ऑगस्टच्या भाड्याबरोबर दिले, आणि सरांनी उरलेले सगळे पुढच्या तारखांचे चेक परत करून दर पाच तारखेचं ऑटो ट्रान्सफर लावून घेतलं.